लिंगाला आलेला बाक: कोणता मुळातला, कोणता वणाचा, आणि उपचार कधी लागतो?

मी नांदेडला यूरोलॉजीची ओपीडी बघतो. परभणी, हिंगोली, लातूरकडचे पुरुष मूतखड्याच्या नावाखाली येतात, सोनोग्राफीचा कागद पुढे करतात आणि दाराशी पोचल्यावर मागे वळून हळूच विचारतात, "साहेब, अजून एक होतं..." ते 'अजून एक' बऱ्याचदा लिंगाला आलेला बाक असतो. तिथे वारंवार विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

वयात आल्यापासून माझं लिंग थोडं वाकडं आहे. हा आजार आहे का?

नाही. ताठ झाल्यावर अगदी सरळ रेषेत राहणारं लिंग फार कमी जणांचं असतं. कुणाचं थोडं डावीकडे जातं, कुणाचं वर, कुणाचं खाली. वयात आल्यापासून बाक तसाच असेल, दुखत नसेल, हाताला गाठ लागत नसेल आणि संबंधाला अडचण येत नसेल, तर ती तुमची ठेवण आहे. त्यावर काही करायचं नसतं.

काही मुलांमध्ये जन्मजात बाक मोठा असतो. तो बहुतेक वेळा खालच्या बाजूला असतो आणि मिसरूड फुटायच्या वयात लक्षात येतो. संबंध करता येणार नाही इतका तो असेल तर शस्त्रक्रियेने सरळ करता येतो. त्यात कुठलाही वण नसतो, फक्त एका बाजूची वाढ दुसरीपेक्षा कमी झालेली असते. लग्न ठरल्यावर घाईघाईने येणारी पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलं बहुधा या गटातली असतात. त्यातल्या पुष्कळांना मी 'काही करायची गरज नाही' असं सांगून परत पाठवतो.

या पानाचा मुख्य विषय दुसरा आहे: आधी सरळ असलेलं लिंग चाळिशी-पन्नाशीत वाकडं होऊ लागणं.

वणामुळे बाक येतो म्हणजे आत नेमकं काय होतं?

लिंगात रक्त भरणाऱ्या दोन नळ्या शेजारी-शेजारी असतात. त्यांच्याभोवती चिवट पण ताणणारं आवरण असतं. रक्त भरलं की हे आवरण चहूबाजूंनी सारखं ताणलं जातं आणि लिंग सरळ ताठ होतं. या आवरणात एखाद्या जागी वण धरला की तेवढा तुकडा ताणायचा थांबतो.

सायकलची पंक्चर काढलेली ट्यूब आठवा. हवा नसताना पॅच कळतही नाही. हवा भरली की पॅचच्या जागी रबर फुगत नाही, बाकीचं फुगतं आणि ट्यूब पॅचच्या बाजूला वळते. इथे तसंच होतं. वण वरच्या बाजूला असेल तर लिंग वर वाकतं, आणि बहुतेकांना तो वरच असतो. वण सगळीकडून वेढा घालून बसला तर बाक न येता मध्येच कंबर आवळल्यासारखी जागा दिसते. काहींचं लिंग आखूडही होतं, कारण वण लांबीही ताणू देत नाही.

फ्रान्सच्या राजाचे शल्यचिकित्सक पेरोनी यांनी १७४३ साली याचं वर्णन केलं, म्हणून याला पेरोनीचा आजार म्हणतात. तुमच्या कागदावर 'पेरोनीज' असं लिहिलेलं दिसलं तर ते हेच.

माझा बाक वणाचा आहे हे घरी कसं ओळखायचं?

तीन गोष्टी बघा. पहिली, हा बाक नवा आहे का? "दिवाळीपर्यंत नीट होतं" असं सांगता येत असेल तर तो नवा. दुसरी, लिंग सैल असताना वरच्या बाजूने अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून मुळापासून टोकाकडे हळू सरकत जा. कुठे हरभऱ्याच्या डाळीएवढा किंवा चपटा, कडक भाग लागतो का? तो कातडीत नसतो, कातडी त्याच्यावरून सरकते. तिसरी, ताठ झाल्यावर त्या जागी दुखतं का?

गाठ लागली नाही म्हणून आजार नाही, असं मात्र समजू नका. काहींचा वण हाताला कळत नाही.

आणखी एक जागा मी नेहमी बघतो, ती म्हणजे तळहात. तळहात टेबलावर सपाट टेकवून बघा. अनामिका किंवा करंगळीच्या मुळाशी कातडीखाली दोरीसारखी गाठ असेल आणि बोट पूर्ण सरळ टेकत नसेल, तर तोही अशाच वणाचा प्रकार आहे. हे दोन्ही आजार काही जणांत सोबत असतात. आमच्या शेतकऱ्यांना वाटतं की फावड्यामुळे हाताला घट्टा पडलाय. घट्टा वरच्या कातडीत असतो, ही दोरी कातडीखाली असते आणि बोट आत ओढते.

हे कशामुळे होतं? तरुणपणाच्या चुकांमुळे तर नाही ना?

हस्तमैथुनामुळे होत नाही. बाहेरच्या संबंधातून लागणारा हा रोग नाही, त्यामुळे पत्नीला लागण होत नाही. आणि हा कॅन्सर नाही, त्याचा कॅन्सर होतही नाही. ही तीन वाक्यं मी रोज सांगतो आणि रोज समोरच्याचे खांदे सैल पडताना बघतो.

संबंधाच्या वेळी लिंग अचानक दुमडलं तर आवरणाला बारीक इजा होते. अशा इजा वारंवार झाल्या तरी तसंच. बहुतेकांची इजा वण न धरता भरून येते, काहींची कडक वण धरून भरते. कोणाची तशी भरणार हे अंगाच्या घडणीवर अवलंबून असतं. शुगर, वाढलेला रक्तदाब, तंबाखू-विडी, प्रोस्टेटचं मोठं ऑपरेशन आणि ताठरता मुळातच कमी असणं, यांच्यासोबत हा आजार जास्त दिसतो. अर्धवट ताठ असताना संबंध केला तर दुमडण्याचा धोका जास्त असतो, म्हणून शुगरच्या पेशंटला ताठरतेचा प्रश्न विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही. कित्येकांना मात्र कुठलीच इजा आठवत नाही.

बाक किती आहे हे कसं मोजायचं?

घड्याळात बारा आणि एक यांच्यात जेवढं अंतर असतं, तेवढा ३० अंशांचा कोन. बारा ते दोन म्हणजे ६०, बारा ते तीन म्हणजे काटकोन. उपचाराची भाषा याच आकड्यांत चालते.

स्वतःच्या मोबाईलवर, ताठ अवस्थेत दोन फोटो घ्या: एक वरून, एक बाजूने. दर दोन-तीन महिन्यांनी त्याच अंतरावरून पुन्हा घ्या आणि ओपीडीत स्क्रीनवरच दाखवा. कुणालाही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, मलासुद्धा नाही. ऑपरेशनचा विचार असेल तेव्हा दवाखान्यातच बारीक सुईने औषध देऊन लिंग ताठ केलं जातं. मग कोन मोजतात आणि डॉप्लर सोनोग्राफीने रक्ताचा प्रवाह, वणाची जागा आणि त्यात चुना धरलाय का ते बघतात. एमआरआय लागत नाही. तुकडा काढून तपासायचीही गरज नसते.

आजार ओळखला, मग लगेच ऑपरेशन का करत नाहीत?

कारण वण अजून बदलतोय. सगळ्यात जास्त नाराजी याच उत्तरावर होते, म्हणून एका पेशंटची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

परभणी जिल्ह्यातले ५३ वर्षांचे शेतकरी, कापूस आणि सोयाबीन करणारे. शुगर नऊ वर्षांपासून. श्रावणात ताठ झाल्यावर दुखायला लागलं. आठवडी बाजाराजवळच्या एका तंबूतलं तेल त्यांनी दोन महिने चोळलं. माझ्याकडे आले तेव्हा तीन महिने झाले होते. मध्यावर वरच्या बाजूला डाळीएवढी गाठ, बाक २५ अंश वर, आणि तीन महिन्यांची सरासरी शुगर ९.२. त्यांना तेव्हाच ऑपरेशन हवं होतं.

मी म्हणालो, "दादा, आत्ता सरळ केलं आणि वण पुढं सरकला तर पुन्हा वाकडं होईल. आधी हा थांबू द्या."

ते म्हणाले, "थांबंल का पण तो?"

थांबतो. पहिल्या टप्प्यात वण जिवंत असतो: दुखतं आणि बाक बदलत राहतो. हा टप्पा साधारण सहा महिने ते दीड वर्ष चालतो. मग दुखणं जातं आणि बाक एका जागी ठरतो. उपचार न घेतलेल्यांत दुखणं बहुतेकांचं आपोआप जातं, पण बाक आपोआप कमी होणारे थोडेच, दहात एखादा. बाकीच्यांपैकी काहींचा आहे तसा राहतो आणि काहींचा वाढतो. 'जाईल आपोआप' या भरवशावर न तपासता घरी बसणं आणि डॉक्टरच्या नजरेखाली थांबणं, यात हाच फरक आहे.

या दादांना मुलाच्या कंपासपेटीतलं कोनमापक फोटोवर ठेवून आकडा वहीत लिहायला सांगितलं. खतांचा हिशेब होता त्याच वहीच्या मागच्या पानावर त्यांनी लिहिलं: सातव्या महिन्यात ४५. नवव्या महिन्यात दुखणं गेलं. बाराव्या महिन्यात ५०. पंधराव्या महिन्यात पुन्हा ५०. हा शेवटचा आकडा मला हवा होता. वण धरून किमान एक वर्ष झालेलं असावं, दुखणं थांबलेलं असावं आणि बाक निदान तीन ते सहा महिने हललेला नसावा, तेव्हाच ऑपरेशनचं बोलायचं. सातव्या महिन्यात ४५ अंशांवर टाके घातले असते तर पुढची वाढ त्या टाक्यांनी थांबली नसती.

मग या थांबायच्या काळात नुसतं बसून राहायचं का?

नाही. दुखत असेल तर दुखण्याची साधी गोळी चालते. शुगर जुनी असेल तर किडनी बघूनच ती द्यायची, म्हणून मेडिकलवरून मनाने घेऊ नका. शुगर आणि बीपी ताब्यात आणायचं, तंबाखू सोडायचा. ताठरता कमी असेल तर टाडालाफिलसारखी गोळी देतो, म्हणजे दुमडण्याची शक्यता कमी होते. छातीच्या दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्यांनी ही गोळी अजिबात घ्यायची नाही, रक्तदाब धोकादायक खाली जातो.

ओढ देणारं यंत्रही असतं. ते लिंगाला लावून रोज ठरावीक वेळ हळू ताण द्यायचा आणि हे कित्येक महिने करायचं. नेमाने वापरणाऱ्यांची लांबी टिकायला आणि बाक थोडा कमी व्हायला मदत होते. पण एकत्र कुटुंबात, दोन खोल्यांच्या घरात हे यंत्र रोज लावणं किती अवघड आहे ते मला माहीत आहे. त्यामुळे जमणार नसेल त्याला मी घ्यायला लावत नाही.

संबंध बंद करायची गरज नाही. पत्नी वर असताना निसटून जोरात दाब बसण्याचा धोका जास्त असतो, ती पद्धत टाळा. आणि हाताने जोर लावून सरळ करायचा प्रयत्न कधीही करू नका. तो वणावर नवा वण घालतो.

तेल, व्हिटॅमिन ई, शॉकवेव्ह, यांचा उपयोग होतो का?

वण कातडीच्या खाली, आवरणात असतो. चोळलेलं तेल तिथवर पोचत नाही. जोराची मालिश उलट नवी इजा करते. बसस्टँडच्या भिंतीवर 'वाकडेपणा, पातळपणा हमखास बरा' असं रंगवलेलं असतं. तिथे जाणाऱ्याचे पैसे जातातच, पण पहिल्या टप्प्याचे महिने जातात त्याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण त्याच काळात बाक वाढत असतो आणि शुगर कुणी बघत नाही.

व्हिटॅमिन ईची गोळी अजूनही सर्रास लिहिली जाते. नीट अभ्यास केल्यावर तिने बाक कमी होत नाही असंच दिसलं. टॅमॉक्सिफेन नावाच्या गोळीचंही तेच. शॉकवेव्ह म्हणजे यंत्राने बाहेरून दिलेले लहरींचे धक्के. त्याने काहींचं दुखणं लवकर कमी होतं, पण बाक सरळ होत नाही. दुखणं तसंही आपोआप जाणारं असतं. 'सहा सिटिंगमध्ये सरळ' असं पॅकेज कुणी देत असेल तर पैसे भरू नका.

गाठीत इंजेक्शन देतात म्हणे?

देतात. कोलॅजिनेज नावाचं औषध वण विरघळवतं. ३० अंश किंवा त्याहून जास्त बाक आणि हाताला लागणारा वण असलेल्यांसाठी अमेरिकेत त्याला २०१३ साली मान्यता मिळाली. चाचण्यांत बाक सरासरी एक तृतीयांश कमी झाला, म्हणजे ५० चा साधारण ३३. पूर्ण सरळ होत नाही. काळंनिळं पडणं आणि सूज नेहमीची, आणि क्वचित आवरणच फाटतं. व्हेरापामिलचं इंजेक्शनही दिलं जातं, पण त्याचा पुरावा कमकुवत आहे. मी पेशंटला दोन्ही गोष्टी सांगतो आणि मगच निर्णय त्याच्यावर सोडतो.

मग नेमका कोणाला उपचार लागतो?

कोन हा अर्धाच प्रश्न आहे. संबंध नीट होतोय का, हा दुसरा अर्धा. ३० अंशांच्या आतला ठरलेला बाक, दुखत नाही, दोघांनाही त्रास नाही: घरी जा. ६० अंशांचा बाक असूनही 'आमचं चाललंय' म्हणणारी जोडपी मी बघितली आहेत. त्यांनाही मी ऑपरेशन सुचवत नाही. उलट ३५ अंशांचा बाक आडवा असेल आणि पत्नीला दुखत असेल तर तो उपचाराचा.

म्हणून पत्नीला सोबत आणा असं मी सुचवतो. परभणीच्या दादांची पत्नी चौथ्या वेळी आली. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "मला दुखतंय, पण ह्यांना सांगावं कसं?" वर्षभर ते समजत होते की तिला आपली किळस आली आहे.

ऑपरेशन कोणतं करतात? लांबी कमी होते का?

ताठरता चांगली असेल, बाक ६० अंशांच्या आत असेल आणि मध्ये आवळलेली कंबर नसेल तर सोपी पद्धत वापरतात. वणाला हात न लावता त्याच्या विरुद्ध बाजूचं आवरण टाके घालून आखूड करायचं, म्हणजे दोन्ही बाजू समान होतात. शिंपी सदऱ्याला चिमटा घेतो तसंच. लांबी कमी होते का? होते. वणाने आखूड झालेल्या बाजूइतकीच लिंगाची लांबी उरते, त्यामुळे बाक जितका मोठा तितकी लांबी जास्त जाते. हे आधी न सांगता ऑपरेशन केलं तर पेशंट सरळ लिंग घेऊनही दुःखी राहतो.

दादांचं ऑपरेशन याच पद्धतीने झालं. आदल्या दिवशी ओढून मोजलेली लांबी १२ सेंटिमीटर होती, ती त्यांच्यासमोर कागदावर लिहिली आणि सुमारे एक सेंटिमीटर जाईल असं सांगून सही घेतली. बाक वर होता म्हणून टाके खालच्या बाजूला घातले. सहा आठवडे संबंध बंद. नंतर मोजलं तेव्हा लांबी ११ आणि बाक जेमतेम ८-१० अंश उरला होता. टाक्यांच्या गाठी बोटाला लागतात, त्या तशाच राहू शकतात. पुन्हा गाठ आली म्हणून ते घाबरून आले होते, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

बाक ६० च्या पुढे असेल किंवा कंबर आवळलेली असेल तर वण कापून तिथे ठिगळ लावतात. लांबी जास्त वाचते, पण नंतर ताठरता कमी होण्याचा आणि टोकाला बधिरपणा येण्याचा धोका वाढतो. ताठरता आधीच इतकी कमी असेल की गोळीनेही भागत नाही, तर नुसतं सरळ करून उपयोग नाही. तेव्हा आत कृत्रिम आधार, म्हणजे इम्प्लांट बसवतात, त्याने दोन्ही प्रश्न सुटतात. इम्प्लांट महाग असतं. कोणत्या योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या.

रात्री-अपरात्री लगेच दवाखाना गाठावा असं कधी असतं?

दोन वेळा. संबंधाच्या वेळी 'कट' असा आवाज येऊन ताठरता एकदम गेली आणि लिंग सुजून वांग्यासारखं जांभळं झालं, तर आवरण फाटलंय. सकाळची वाट बघू नका, त्याच दिवशी शिवलं तर पुढे वाकडेपणा आणि ताठरतेचा त्रास टळण्याची शक्यता जास्त. दुसरी वेळ: तपासणीच्या इंजेक्शननंतर किंवा गोळीनंतर लिंग चार तासांहून जास्त ताठच राहिलं तर.

ओपीडीत हे बोलायचं कसं? लाज वाटते.

केसपेपरवर फक्त 'यूरोलॉजी' लिहायला सांगा, काय त्रास आहे ते खिडकीवर सांगायची गरज नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी यूरोलॉजिस्ट नसेल तर सर्जनच्या ओपीडीत जा आणि यूरोलॉजिस्टकडे चिठ्ठी मागा. सोबत फोटो, तारखांची वही आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी घ्या. आत गेल्यावर एवढंच म्हणा: "लिंगाला बाक आलाय, इतके महिने झाले, अजून दुखतंय किंवा थांबलंय." पुढचे प्रश्न विचारणं डॉक्टरचं काम आहे.